पाणी कमी पडले असे सर्वांनाच वाटले : एका धावपटूच्या रक्तातील घटलेल्या सोडियमचे प्रकरण

डिसेंबरमधील एका रविवारी पुण्यात पार पडलेल्या पूर्ण मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळील वैद्यकीय तंबूत मी कामावर होतो. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी एका एक्केचाळीस वर्षांच्या महिलेला तिचे पती आणि धावण्याच्या गटातील एक मैत्रीण दोन्ही बाजूंनी आधार देत आत घेऊन आले. तिने शर्यत पाच तास चाळीस मिनिटांत पूर्ण केली होती आणि रेषा ओलांडून तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती. पती आत येताच म्हणाले, "डॉक्टर, हिला पाणी कमी पडलंय. दोनदा उलटी झाली, डोकं फुटतंय म्हणतेय. एक सलाईन लावा ना लवकर." आमच्या तंबूतील तरुण डॉक्टरने तोवर हाताची शीर शोधायला सुरुवात केलीही होती आणि नॉर्मल सलाईनची बाटली स्टँडला टांगली होती. ती बाटली चढवली गेली असती तर या प्रकरणाचा शेवट कदाचित वेगळा झाला असता, म्हणून ते सविस्तर लिहावेसे वाटले. रुग्णाची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रथमदर्शनी चित्र पाणी कमी पडल्याचेच होते. थकवा, मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर आणि काहीसा गोंधळलेला चेहरा पाहिला की लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिला अंदाज तोच केला जातो. मात्र दोन गोष्टी खटकत होत्या. तिची जीभ ओलसर होती आणि तोंडात लाळ होती. दुसरी गोष्ट हाताची शीर शोधताना लक्षात आली. मनगटावरील घड्याळाचा पट्टा शेवटच्या छिद्रापर्यंत सैल केलेला होता आणि तरीही त्याच्या कडा कातडीत रुतून खोल वळ उठले होते. बोटे फुगलेली होती आणि अंगठीच्या दोन्ही बाजूंना मांस वर आले होते. मैत्रीण म्हणाली, "तिसाव्या किलोमीटरला तिनं स्वतःच पट्टा सैल केला, म्हणाली हात जड झालेत." पाणी कमी पडलेल्या माणसाचे हात सहसा असे फुगत नाहीत. मी सलाईन थांबवायला सांगितले.

नाडी मिनिटाला ८४ होती. रक्तदाब १२४/७८ होता आणि आधार देऊन उभे केल्यावर तो खाली आला नाही. गुदद्वारातून घेतलेले तापमान १००.२ फॅरनहाइट भरले, म्हणजे उष्माघात नव्हता, कारण त्यात ते सहसा १०४ च्या वर जाते. बोटातून तपासलेली साखर ११२ होती. श्वास मोकळा होता आणि छातीत पाणी साचल्याचे आवाज नव्हते. तिला नाव सांगता आले, पण वार सांगता आला नाही, आणि गळ्यात पदक असतानाही ती तीन वेळा विचारत राहिली, "माझं मेडल मिळालं का हो?" ही शंका पहिल्यांदा विचारली तेव्हा सगळे हसले, तिसऱ्यांदा विचारली तेव्हा तिच्या पतींचा चेहरा उतरला.

मग मी असा एक प्रश्न विचारला, जो पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता: "वाटेत तहान लागली होती का?" तिने सावकाश मान हलवली आणि म्हणाली, "तहान नव्हती. पण प्यायलाच हवं ना." पुढील निदानाची दिशा मला त्या उत्तरातून मिळाली.

तिच्या गटाने प्रत्येकाला बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकपट्टीच्या, मागे रक्तगट, घरचा दूरध्वनी आणि वजन लिहायला सांगितले होते. आम्ही बिब उलटवले तेव्हा निळ्या पेनाने "५१.२" असा आकडा लिहिलेला दिसला. त्याच पहाटे चार वाजता, पाणी पिण्याआधी, तिने घरच्या काट्यावर वजन केले होते. आमच्या तंबूतील काट्यावर बूट काढून तिचे वजन ५३.६ भरले. दोन काट्यांतील फरक आणि ओले कपडे धरूनही एवढी तफावत समजत नव्हती. बेचाळीस किलोमीटर धावलेल्या माणसाचे वजन सर्वसाधारणपणे एक-दीड किलोने तरी घटलेले असते. हिचे जवळजवळ अडीच किलोने वाढले होते.

त्यानंतर तिच्या पतींच्या आणि मैत्रिणीच्या मदतीने संपूर्ण सकाळचा हिशोब लावला. निघण्यापूर्वी तिने सुमारे ८०० मिलिलिटर पाणी प्यायले होते. वाटेत दर दोन किलोमीटरला पाण्याचा स्टॉल होता आणि तिने एकोणीस स्टॉलवर प्रत्येकी २०० मिलिलिटरची बाटली संपवली होती, म्हणजे ३.८ लिटर. शर्यत संपल्यावर गटातील लोकांनी काळजीपोटी अर्धा लिटर लिंबूपाणी पाजले, कारण तिला मळमळत होते. एकूण पाणी पाच लिटरच्या थोडे पुढे गेले. दोन केळी आणि खजूर यांतूनही थोडे पाणी गेले असेल. लघवीला ती संपूर्ण वेळात एकदाच गेली होती, तीही थोडीशी आणि गडद पिवळी. बाविसाव्या किलोमीटरपासून पोटात पाणी हिंदकळत असल्याची जाणीव झाली, सव्वीसच्या आसपास डोके ठणकू लागले, अठ्ठावीसला गुडघा दुखतो म्हणून तिने आयबुप्रोफेनची गोळी घेतली, आणि छत्तीसला पहिली उलटी झाली, ज्यात जवळजवळ नुसते पाणी पडले. प्रत्येक लक्षणावर आसपासच्या लोकांनी एकच उपाय सुचवला, तो म्हणजे आणखी पाणी पिणे.

एवढे पाणी पिण्याची बुद्धी तिला कुठून झाली, हे नंतर तिच्याशी बोलताना कळले आणि मला ते महत्त्वाचे वाटते. तिने धावायला एप्रिलमध्ये तळजाईच्या टेकडीवर सुरुवात केली. मे महिन्यात एकदा उशिरा निघाल्यामुळे उन्हात तिला भोवळ आली आणि गटातील वडीलधाऱ्या धावपटूंनी तिला सांगितले की तहान लागण्याची वाट पाहायची नाही, दर स्टॉलला पाणी घ्यायचेच. ती सूचना तिने शब्दशः पाळली. मे महिन्यात तासाला लिटरभर घाम जाणाऱ्या शरीरासाठी ठरवलेले प्रमाण तिने डिसेंबरच्या थंडीत तसेच ठेवले, जेव्हा पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांवर होता आणि ती धावण्याच्या मध्ये बराच वेळ चालत होती. तिला घाम कमी आला, मार्गावर मात्र ती जास्त वेळ होती, आणि जितका वेळ जास्त तितके स्टॉल निवांतपणे गाठता येतात. वेगाने धावणाऱ्याला बाटली पूर्ण पिता येत नाही. रमतगमत जाणाऱ्याला ती सहज संपवता येते.

या अवस्थेला रक्तातील सोडियम घटणे, म्हणजे हायपोनॅट्रेमिया म्हणतात, आणि ती व्यायाम करताना किंवा त्यानंतरच्या चोवीस तासांत उद्भवली तर तिला व्यायामाशी निगडित हायपोनॅट्रेमिया म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते. बाहेरच्या पाण्याने रक्त पातळ झाले की पाणी पेशींमध्ये शिरू लागते आणि पेशी फुगतात. बोटे फुगली तर अंगठी घट्ट होते, एवढेच. मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत असतो, त्याला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलटी, भ्रम, त्यापुढे झटके आणि शुद्ध हरपणे ही त्याच दाबाची क्रमवार लक्षणे आहेत. या टप्प्याला पाण्याची विषबाधा हे जुने नाव शोभते, कारण ज्याला आपण निरुपद्रवी समजतो तेच येथे जीव घेऊ शकते.

वाचकांना साहजिक प्रश्न पडेल की जास्तीचे पाणी लघवीतून निघून का गेले नाही. विश्रांतीच्या वेळी निरोगी मूत्रपिंडे तासाला जवळपास ८०० ते १००० मिलिलिटर पाणी बाहेर टाकू शकतात, म्हणजे तिने तासाला जितके प्यायले त्यापेक्षा जास्तच. अडचण अशी की दीर्घ श्रम, वेदना आणि मळमळ यांमुळे मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटते आणि ते मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला सांगते. रक्त पातळ झाले की एरवी हे संप्रेरक थांबते, मात्र या कारणांनी ते रक्ताच्या अवस्थेकडे दुर्लक्ष करून सुटतच राहते. त्यात आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके त्याचा मूत्रपिंडावरील परिणाम वाढवतात. म्हणजे पाणी येतच राहते आणि बाहेर जाण्याचा दरवाजा जवळपास बंद असतो. तिची गडद पिवळी लघवी याच कारणाने होती. पिवळी लघवी म्हणजे पाणी कमी, हा आपल्याकडचा ठोकताळा घरी बसलेल्या माणसाला लागू पडतो, पण लांबची शर्यत धावणाऱ्याला तो उलट्या दिशेने नेऊ शकतो.

आता हिशोब ढोबळ मानाने मांडून पाहतो, कारण त्यातून एक गैरसमज दूर होतो. ५१ किलोच्या स्त्रीच्या शरीरात साधारण साडेपंचवीस लिटर पाणी असते. वजन २.४ किलोने वाढले, शिवाय सहा तासांच्या सुमारास इंधन म्हणून जळालेले साखर-चरबीचे ०.४ किलो वजन गेले, म्हणजे शरीरातील पाण्यात सुमारे २.८ लिटरची भर पडली. केवळ या भरीने सोडियम १४० वरून १२६ वर येते. घामातून गेलेले मीठही मोजावे लागते. तिला अंदाजे २.४ लिटर घाम आला असावा आणि त्यात लिटरमागे ४० मिलिमोल सोडियम धरले तर जवळपास ९६ मिलिमोल गेले. याने सोडियम आणखी साडेतीन अंकांनी घसरते आणि १२३ च्या आसपास थांबते. दोन्ही वाटा पाहिल्या तर मीठ गमावल्याचा वाटा एकूण घसरणीच्या पाचव्या हिश्शाइतका आहे, उरलेला सारा वाटा जास्तीच्या पाण्याचा आहे. म्हणूनच "मीठ कमी पडलं" म्हणून मिठाच्या गोळ्या खाणे आणि पाणी तेवढेच पीत राहणे याने फारसे काही साधत नाही. बाजारातील खेळाडूंसाठीच्या पेयांचेही तसेच आहे. त्यांत लिटरमागे सुमारे २० मिलिमोल सोडियम असते, म्हणजे रक्ताच्या सातव्या हिश्शाइतके, आणि ती जास्त प्यायल्यावर रक्त पातळच होते, फक्त साध्या पाण्यापेक्षा किंचित सावकाश.

तंबूत सोडियम मोजायचे हातातले यंत्र आमच्याकडे नव्हते आणि नॉर्मल सलाईनच्या तिपटीहून दाट असे ३ टक्के मिठाचे सलाईनही नव्हते. या दोन उणिवांची जबाबदारी आमच्या वैद्यकीय गटाची आणि त्यात माझी आहे. शर्यतीच्या जागीच ही बाटली असती तर तिला तिथेच दिली असती, कारण बदललेली शुद्ध आणि वाढलेले वजन एकत्र दिसल्यावर तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत थांबायचे नसते. तोंडाने पाणी देणे थांबवून, मान व डोके किंचित उंच ठेवून आणि रुग्णवाहिकेतून दूरध्वनीवर पूर्वसूचना देऊन तिला पंधरा मिनिटांच्या अंतरावरील रुग्णालयात नेले. वाटेत पुन्हा उलटी झाली आणि ती हाकेला उत्तर देण्यात मागे पडू लागली.

रुग्णालयात शिरेतील रक्ताचे वायू-परीक्षण अकरा पंचावन्नला केले. त्या यंत्रावर काही मिनिटांत सोडियमही कळते, आणि आकडा १२३ आला. बारा वाजता ३ टक्के सलाईनचे १०० मिलिलिटर दहा मिनिटांत दिले. डोकेदुखी थोडी उतरली, भ्रम कायम होता, म्हणून तेवढेच आणखी एकदा दिले. साडेबाराला ते संपले आणि पंधरा मिनिटांत तिने पतींना विचारले, "फोन कुठाय माझा? आईला कळवलंत का?" मला त्या दिवशी ऐकलेले सर्वांत सुखद वाक्य ते होते, कारण प्रश्न सुसंगत होता आणि ती मेडलबद्दल विचारत नव्हती. सव्वा वाजता सोडियम १२७ होते. लघवी आता भरपूर आणि पाण्यासारखी होऊ लागली, म्हणजे संप्रेरकाचा दबाव ओसरला होता. संध्याकाळी सहाला आकडा १३५ वर आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १३८ होता.

दुसरी बाटली देण्याआधी वॉर्डमधील एका सहकाऱ्याने शंका विचारली की सोडियम वेगाने वाढवले तर मेंदूला इजा होते, असे आपण शिकलो आहोत. ही भीती खरी आहे, पण ती दोन दिवस किंवा त्याहून अधिक काळ खाली राहिलेल्या सोडियमबाबत आहे, जिथे मेंदूच्या पेशींनी स्वतःला जुळवून घेतलेले असते. काही तासांतच घसरलेल्या सोडियममध्ये पेशींना तसा अवधी मिळालेला नसतो. तिथे धोका वेगाने वाढवण्यापेक्षा उशीर करण्यात असतो. नॉर्मल सलाईनबाबत मात्र उलटे घडू शकते. संप्रेरक चालू असेल तर मूत्रपिंड त्या सलाईनमधील मीठ थोड्याशा दाट लघवीतून बाहेर टाकते आणि पाणी शरीरात ठेवून देते. परिणामी आधीच पातळ झालेले रक्त तसेच राहते किंवा अधिक पातळ होते. म्हणून तंबूत टांगलेली ती बाटली आम्ही वेळेत उतरवली, याचे मला आजही समाधान वाटते.

या विकाराची नोंद तशी जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये लांब पल्ल्याच्या धावपटूंमधील पाण्याच्या विषबाधेची प्रकरणे प्रसिद्ध केली. तरीही १९९६ च्या अमेरिकेतील क्रीडावैद्यकीय मार्गदर्शनात, सहन होईल तितके पाणी प्यावे, असाच सूर होता. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले तेव्हा १३ टक्क्यांचे सोडियम १३५ पर्यंत किंवा त्याहून खाली होते, आणि तिघांचे १२० पर्यंत किंवा त्याहून खाली. शर्यतीदरम्यान वजन वाढणे आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागणे या बाबी त्यात ठळक दिसल्या. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनात तहानेनुसार पिण्याचा सल्ला प्रतिबंधाच्या केंद्रस्थानी ठेवण्यात आला.

आमच्या प्रकरणाच्या काही मर्यादा नमूद करायला हव्यात. घामातील सोडियम मोजलेले नाही, ते मी धरलेले मूल्य आहे. वजन दोन वेगळ्या काट्यांवरचे आहे. आणि वजन वाढलेले नसेल तर हायपोनॅट्रेमिया नाही, असा अर्थ काढू नये. दीर्घ अंतराच्या, उष्ण हवेतील शर्यतींत वजन न वाढता, क्वचित घटूनही सोडियम खाली गेल्याची प्रकरणे असतात. फुगलेली बोटे, पाणी हिंदकळणारे पोट, तहान नसताना प्यायलेले पाणी आणि बदललेली वागणूक हे सारे एकत्र पाहावे लागते, आणि खात्री फक्त रक्ततपासणीने होते. याउलट पाणी खरोखर कमी पडलेल्या धावपटूला तीव्र तहान लागलेली असते, तोंड कोरडे पडलेले असते, उभे राहताच चक्कर येते, आणि वजन बऱ्याच अंशी घटलेले असते.

तिने पुढील हंगामासाठी आमच्याशी बोलून नवी पद्धत बसवली. तळजाईवर एक तास धावण्यापूर्वी आणि त्यानंतर, मध्ये काही न पिता, कपडे बाजूला ठेवून वजन करायचे, असे ठरले. फेब्रुवारीतील चार वेळांच्या नोंदींत दर तासाला सरासरी ४५० ग्रॅम वजन घटले, म्हणजे तासाला अंदाजे तेवढाच घाम. तिला आता माहीत आहे की स्टॉलवर बाटली घेतली तरी दोन घोट घेऊन परत ठेवता येते, आणि तहान नसेल तर नुसते पुढेही जाता येते. गुडघ्यासाठी तिने धावण्याच्या दिवशी वेदनाशामक घेणे थांबवले. पुढच्या शर्यतीत, अर्ध्या अंतराच्या, ती पुन्हा आमच्या तंबूसमोर आली, या वेळी चालत आणि हसत. बिब उलटवून तिने दाखवले. आधी ५१.४, आता ५०.६. आणि घड्याळाचा पट्टा तिसऱ्या छिद्रावर, जिथे घरून निघताना होता तिथेच.